गडद रेघ

सोनोग्राफीच्या पडद्यावर बीजकोशात बारीक पुटकुळ्यांची दाटी होती. स्त्रीबीज सुटल्याची खूण रक्ततपासणीतही नव्हती.

"पण डॉक्टर, बीज सुटायचा दिवस सांगणाऱ्या पट्टीवर गडद रेघ येते," ती म्हणाली. "रेघ आली की मुलाच्या आशेनं हे ट्रक वळवून घरी येतात. जाऊबाई म्हणतात, भावजींचा ट्रक डिझेलवर नाही, रेघेवर चालतो."

"पट्टी लघवीतलं एलएच संप्रेरक पकडते. ते एकदम वाढलं की सहसा बीज सुटतं. तुमच्या पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजकोशातल्या या पुटकुळ्यांच्या आजारात, ते कायमच चढलेलं असतं. म्हणून रेघ उमटते, बीज सुटत नाही. औषधं करून बघू."

बाहेर येताच नवऱ्याचा फोन आला. "आज रेघ आली का गं? वळवू?"

"आली," ती म्हणाली. "पण तुम्ही पुढेच जा."