पेजने कसं बोलावं

सायकलच्या दुकानाचं पेज नऊ वर्षं ताईच चालवत होती, आणि खरं सांगायचं तर दुकानापेक्षा पेजच जास्त चालत होतं. लोक सायकल घ्यायला येणार दोन-चार वर्षांतून एकदा, पण ताईने आज काय लिहिलंय ते बघायला रोज डोकावणार. मग तिच्या मणक्याने दगा दिला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि वर दम भरला की पुढचे तीन महिने मोबाइलमध्ये मान घालून बसायचं नाही. पेज आता धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दुकानातले मिस्त्री अशा तिघांनी मिळून सांभाळायचं ठरलं.

ऑपरेशनच्या आधी आठवडाभर तालीम झाली. काय सांगावं! भावाने लिहिलं, "सर्व सन्माननीय ग्राहकांस कळविण्यात येते की". मिस्त्रींनी चाक किती इंची आणि चेनला दात किती तेवढं टाकलं, पुढे एक अक्षर नाही. वहिनीच्या पोस्टमध्ये शब्द कमी आणि बदाम जास्त. चौथ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाने खाली विचारलंच, पेज विकलं की काय? नऊ वर्षांत एकेक माणूस जोडलं होतं ताईने. कुणाच्या पोराला पायडल मारता येत नाही, कुणाला चढ चढताना धाप लागते, हे सगळं लोक पेजला सांगत. ते तुटलं तर दुकानात नुसत्या सायकली उरतील, आणि सायकली काय, कुठेही मिळतात.

म्हणून तिने एक वही केली. पालथं पडून, उशीवर हनुवटी टेकवून चार दिवस लिहीत होती. आपण म्हणजे दुकानदार नाही, शेजारची आत्या. पेज नेहमी 'आम्ही' म्हणणार, 'मी' कधीच नाही, आणि कुणी लिहिलंय ते सांगायचं नाही. मोठ्यांना तुम्ही, पोरांना तू. एका पोस्टमध्ये एकच चेष्टा, तीही आपली नाहीतर सायकलची, गिऱ्हाइकाच्या खिशाची नाही. तक्रार आली तर आधी माफी, मग दुकानात बोलावणं, चारचौघांत वाद नाही. पानाला मधोमध रेघ मारून एका बाजूला 'असं लिहू', दुसऱ्या बाजूला 'असं नको', आणि दोन्हीकडे जुन्या पोस्टमधली खरी वाक्यं. नुसते नियम वाचून कुणाला बोलता येत नाही, नमुना लागतो, एवढं तिला कळत होतं.

सगळ्यांचा लाडका नमुना सायकल लहान झाल्याचा होता. दुकानातल्या खांबावर पोरांची उंची खडूने लिहायची त्यांची पद्धत. म्हणून कुणी म्हणालं की ही सायकल आता पुरत नाही, की पेज म्हणायचं, "उंची वाढली म्हणायची! आणा साहेबांना, खांब वाट बघतोय." लोक या वाक्यावर जीव टाकत. ताईने त्याच्या पुढे दोन चांदण्या काढल्या.

वहिनी मोठी कष्टाळू. तिने वही पाठ केली म्हटलं तरी चालेल. ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी ती मोबाइल घेऊन ताईच्या खोलीत आली, चेहरा अगदी फुललेला. अंथरुणावर टेकत म्हणाली की बघा ताई, आज अगदी तुमच्यासारखं जमलं.

पिवळ्या सायकलवर बसलेल्या एका मुलीचा जुना फोटो होता. खाली तिच्या आईने लिहिलं होतं, 'ही सायकल आता लागत नाही. कुणाला हवी असेल तर सांगा.' आणि त्याखाली पेजचं उत्तर: "लागत नाही? म्हणजे उंची वाढली म्हणायची! आणा बाईसाहेबांना, खांब वाट बघतोय." एकसष्ट जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

पहिल्या क्षणी ताईला वाटलं, हे आपणच कधीतरी लिहिलेलं. इतकं तिचं होतं ते. मग आईचं नाव दिसलं. ही बाई वर्षभर इनबॉक्समध्ये तिच्याशी बोलत होती. मुलीच्या रक्तात काहीतरी निघालं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून दुपारी दुपारी लिहायची, आणि ताई हातातलं काम टाकून उत्तर द्यायची. कुणाला सांगू नका म्हणाली होती, म्हणून ताईने घरातही ब्र काढला नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा शेवटचा मेसेज होता की डॉक्टर म्हणतात, आता काही उपाय उरला नाही, घरी न्या.

ताईने सांगितलं तशी वहिनीने मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "ताई, मी वहीतलंच लिहिलं हो." आणि तेच तर खरं होतं. चेष्टा कशी करायची ते ताईने चार पानं लिहिलं होतं. कधी करायची नाही, याची ओळ नव्हती. ती गोष्ट तिला इतकी ठाऊक होती की लिहायची असते हे सुचलंच नाही.

उत्तर काढून टाकलं. माफीचा मेसेज गेला, तो तिकडे वाचला गेला आणि पुढे काहीच आलं नाही. ताईने वहीत पहिल्याच पानावर दोन ओळी घातल्या: आधीचं बोलणं वाचल्याशिवाय उत्तर नाही, कारण विचारल्याशिवाय चेष्टा नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं. भाऊ म्हणाला, कळवून टाक की ते लिहिणारं माणूस दुसरं होतं, विषय मिटेल. ताईला मिटवायचं नव्हतं. तिला त्या बाईला तोंड दाखवायचं होतं.

चालायची परवानगी मिळाली त्या दिवशी कमरेला पट्टा आवळून ती गेली. पत्ता दुकानाच्या वॉरंटीच्या रजिस्टरमध्ये होता. तिसरा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून ती उभी राहिली. बाईने दार उघडलं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. ताईने दुकानाचं नाव सांगितलं, तरी ती बाजूला झाली नाही, या पण म्हणाली नाही.

"ते वाक्य तुमचंच होतं ना? मी लगेच ओळखलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला सगळं माहीत होतं. तरी लिहिलंत."

ताईने रस्ताभर ठरवलं होतं की वहिनीचं नाव घ्यायचं नाही. पण आपण जाणूनबुजून असं केलं हे या बाईने जन्मभर मनात ठेवावं, हे तिला सोसेना. तिने सांगून टाकलं. आजारपण, तिघांना दिलेली वही, त्यातलं ते वाक्य. दुसऱ्या कुणीतरी बिचारीने माझ्या वहीत बघून लिहिलं, चूक माझीच, मी लिहायचं ते लिहिलं नाही.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग ताईच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं.

"म्हणजे वहीत बघून कुणालाही तुमच्यासारखं लिहिता येतं," ती म्हणाली. "मग वर्षभर माझ्याशी बोलत होतं ते कोण?"

"मी. मीच होते."

"ते पण 'आम्ही'च म्हणायचं."

मुलीला कुठला रंग आवडायचा, कुठल्या सुईला ती रडली नव्हती, सगळं ताईला आठवत होतं. पण ते सगळं इनबॉक्समध्ये लिहिलेलं होतं, आणि पासवर्ड आता चौघांकडे होता; कुणालाही वाचून सांगता आलं असतं. बाईने हळूच दार लावून घेतलं. ताई कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली.