पातळ करा

माझ्या वाक्यात कुणी बोट घातलं की मला राग येतो. तुळजापुरात मास्तरांच्या घरी जन्मले, शुद्धलेखनावर वाढले. त्यामुळं ‘ताई, हे असं नका म्हणू’ ऐकायची सवयच नाही. आमच्या संस्थेनं शेतकऱ्यांसाठी ठिबक सिंचन घरच्या घरी कसं साफ ठेवायचं याचा व्हिडिओ करायला घेतला, तेव्हा त्याचं लिखाण माझ्याकडं आलं. एकेक पायरी शेतात करून दाखवायची आणि वर साध्या भाषेत माझा आवाज. सोमवारी तो गावोगावच्या मोबाईलवर जाणार होता. खरं सांगते, मला माझं लिखाण लई आवडलं होतं.

माकणीच्या शिवारात दैवशाला नावाच्या शेतकरणीच्या मिरचीत आम्ही उभे होतो. मी कागदावरून वाचायचं, दैवशालानं ऐकून तस्संच करायचं. मोबाईल धरायला मल्लिनाथ. दहा वर्षं शेतोशेत ठिबकच्या नळ्या जोडत फिरलेला माणूस, तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलणारा.

“मोटार बंद करा. फिल्टर उघडून जाळी काढा, ब्रशनं घासून धुवा.” दैवशालानं धुतली. “जाळी नीट बसवा, मोटार चालू करा. आता नळ्यांची टोकं सोडा, पण एका वेळी चार-पाचच. गढूळ पाणी निघून जाऊ द्या, निवळ आलं की टोक बंद करा.” पहिलं पाणी चहासारखं आलं, मग स्वच्छ. दैवशाला हसली, मी पण हसले. म्हटलं, काम फत्ते!

राहिलं होतं ॲसिडचं पान. तिच्या बोअरचं पाणी जड, पाणी ठिबकणाऱ्या तोट्यांवर क्षारांचा पांढरा थर बसलेला. तो घासून निघत नाही, ॲसिडच सोडावं लागतं.

“मॅडम, ही पायरी आधी साध्या पाण्यावर करून बघू,” मल्लिनाथ म्हणाला. “ॲसिडच्या जागी पण पाणीच घेऊ.”

“अरे, ऊन चाललंय! नाटक आहे का, तालीम करायला?”

“माझ्यासाठी एकदा करा.”

तोंड वाकडं करून मी वाचायला लागले. “हातमोजे आणि चष्मा घाला. मगात ॲसिड घ्या. ते पाण्यानं पातळ करा आणि खत ओढून घेणाऱ्या व्हेंचुरीतून नळीत सोडा.”

दैवशालानं मगात खोटं ॲसिड घेतलं, शेजारचा तांब्या उचलला आणि धबकन त्यात पाणी ओतलं.

“अगं थांब!” मल्लिनाथ असा ओरडला की माझ्या हातातला कागदच पडला.

“काय झालं?” दैवशाला घाबरली. “ताईच म्हणाल्या ना, पातळ करा.”

“उलटं केलंस. ॲसिडात पाणी ओतलं की ते तापून उसळतं, तोंडावर उडतं. डोळे जातील. आधी बादलीत पाणी घ्यायचं, मग त्या पाण्यात ॲसिड, तेही सावकाश.”

“मी बरोबरच लिहिलंय,” असं माझ्या ओठावर आलं होतं. पण दैवशालानंच मला विचारलं, “ताई, आमटी घट्ट झाली की आमी आमटीत पाणी ओततो, का पाण्यात आमटी ओततो?”

कपाळ माझं! मी पण घरी आमटीतच पाणी ओतते. पातळ करणं म्हणजे घट्ट पदार्थात पाणी घालणं, हे आपल्याकडं चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. माझ्या शुद्ध वाक्यानं तिला नेमकं तेच सांगितलं होतं.

आणि मग मला सिद्रामप्पा आठवले.

सिद्रामप्पा म्हणजे पाच-सहा किलोमीटरवरचे एक म्हातारे शेतकरी. चार दिवस फोन करत होते, “पोरी, आमच्या तोट्या तुंबल्यात, तुमचा व्हिडिओ कदी येणार?” काल मीच मोठेपणानं सगळं वाचून त्याचा आवाज त्यांना पाठवून दिला होता. सकाळी त्यांचा निरोप आला होता, “आज करतो.”

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मी मल्लिनाथला सगळं सांगितलं, त्यानं लगेच गाडी काढली. मागं बसून मी आख्खा रस्ता एकच म्हणत होते, “आई भवानी, त्यांना आज आळस येऊ दे. मी कधी काही मागितलं नाही, एवढं ऐक.” तो खड्ड्यांचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना.

आप्पा बाभळीखाली बसलेले दिसले. पुढ्यात मग, मगात पिवळसर ॲसिड. उजव्या हाताशी पाण्यानं भरलेला तांब्या.

“आप्पा, हात लावू नका!” मी बांधावरूनच बोंबलले.

“हात कशाला लावतो?” आप्पाच माझ्यावर डाफरले. “सकाळधरनं बसून ऱ्हायलोय. पातळ करा म्हणालीस, पर किती? एक तांब्या, का एक घागर? नऊ येळा ऐकलं तुझं, कुठंच सांगितलेलं न्हाय. ऐकून ऐकून फोनचं चार्जिंग संपलं. म्हटलं, इचारल्याबिगर ओतायचं न्हाय.”

मी तिथंच मातीत बसले. रडू आलं, हसूही आलं, कशाला आवर घालावा कळेना. त्यांचे दोन्ही डोळे रागानं माझ्याकडं बघत होते, आणि ते बघतायत एवढ्यानंच माझा जीव भरून आला. जन्मात मी कुणाची इतकी ऋणी झाले नाही.

“मॅडम,” मल्लिनाथ हळूच म्हणाला, “तुमची एक चूक दुसरीला आडवी आली बघा.”

माझ्या वाक्यात त्यानं सरळ बोट घातलं होतं, आणि मला राग आला नाही. “देव तुझं भलं करो,” मी म्हणाले, “तू तालमीचा हट्ट धरला नसतास तर मी अजून ऊन बघत उभी राहिले असते.”

मग त्यानं हातमोजे-चष्मा घालून आप्पांना सगळं करून दाखवलं. बादलीत आधी पाणी, त्यात मगातलं ॲसिड, धारेनं, सावकाश, तोंड लांब धरून. किती लागेल ते पाण्याच्या जडपणावर ठरतं. म्हणून ते नळीत सोडताना शेवटच्या तोटीचं पाणी तपासायच्या कागदावर टेकवून बघायचं, पीएच चार आला की पुरे. मग मोटार बंद, दिवसभर ते नळीत राहू द्यायचं, आणि पुन्हा टोकं सोडून नळ्या धुवायच्या. आप्पांनी मान डोलावत पाठ म्हणून दाखवलं, “आदी पाणी, मग पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी कदीच न्हाय.” मी ते वाक्य जसंच्या तसं, ‘न्हाय’सकट, कागदावर उतरवलं. यापेक्षा सोपं मला लिहिताच आलं नसतं.

आप्पांनी त्या रिकाम्या मगाकडं बोट केलं. “म्हंजी म्या ह्यात तांब्या ओतला असता तर?”

“डोळे गेले असते, आप्पा.”

“व्हय? आन् तुला ठावं होतं ह्ये?”

“होतं.”

“मग पयल्यांदाच का न्हाय सांगितलंस?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या माणसासमोर बोलवेना. “मला माहीत होतं, म्हणूनच सांगायचं राहून गेलं.”

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“मग पोरी,” ते म्हणाले, “आता कायबी ठावं न्हाय आसं समजून लिव्ह.”