भिंतीपलीकडचं पाणी

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, घड्या घालायच्या लांब टेबलावर, सुनेने तीन ढीग मांडले होते. एकात टँकरची बिलं, दुसऱ्यात बोअरवाल्याचं कोटेशन आणि तिसऱ्यात टाकी बांधणाऱ्याचं. चौथा ढीग धुतलेल्या उशीच्या अभ्र्यांचा होता, पण त्याच्याकडे बघायला आज कुणाला सवड नव्हती.

"बोअर मारायची," आप्पा म्हणाले. "माझं ठरलंय."

आप्पा म्हणजे सासरे. चाळीस वर्षांपूर्वी एका बादलीवर आणि एका इस्त्रीवर त्यांनी हा धंदा उभा केला. आता धंदा सून आणि तिचा नवरा चालवत असले तरी बँकेतली ठेव आप्पांच्या नावावर होती, आणि ते सही करतील तेच होणार होतं. ठेव एकच होती. ती चुकीच्या खड्ड्यात गेली, तर पुढच्या वर्षी लॉन्ड्रीला कुलूप लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. टँकर महिन्याला तीस हजार गिळत होता आणि लॉजवाले धुलाईचा दर वाढवून द्यायला तयार नव्हते.

कोटेशनं वाचायला बसलं की बोअर स्वस्त वाटायचीच. खोदाई, केसिंग, मोटर, केबल, पाइप असे सगळे मिळून दीड लाख. टाकीला सव्वादोन लाख. शिवाय टाकीत पाणी उगवत नाही, ते विकतच आणावं लागतं. शहाण्याने काय करावं, हे शेंबडं पोरही सांगेल. सुनेनेही आधी तसंच मांडलं होतं: महिन्याला पंधरा टँकर, तीस हजार, बोअर पाच महिन्यांत वसूल. तिने तो कागद आप्पांना दाखवला आणि तिथेच फसली. कारण नंतर तिचं मत फिरलं, आप्पांचं नाही.

मत फिरायचं कारण बोअरवालाच. तो भला माणूस होता, विचारलं तर खरं सांगायचा. फक्त विचारावं लागायचं. दर फुटाप्रमाणे होता. कोटेशन तीनशे फुटांचं होतं. तीनशेला नाही लागलं तर?

"तर पुढे जायचं."

"आणि सहाशेलाही नाही लागलं तर?"

"वहिनी, खोदाईचे पैसे होतातच ना. पाणी माझ्या हातात आहे का?"

मग तिने गल्लीच्या टोकाच्या गॅरेजातून, त्यांच्या बोअरच्या पाण्याचे दोन कॅन आणले. पाणी काचेसारखं स्वच्छ. आप्पांनी ओंजळीत घेऊन पाहिलं आणि विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. तिने त्यात साबण घातला. फेस यायचा सोडून दह्यासारखा साका वर आला. मग त्याच पाण्यात अभ्रा भिजवून त्यात ब्लीच ओतलं, जसं रोज पांढऱ्या कपड्यांना लागतं तसं. थोड्या वेळाने अभ्रा चहात बुडवल्यासारखा झाला. पाण्यात विरघळलेलं लोखंड नुसतं दिसत नाही. ब्लीच पडलं की त्याचा गंज होतो आणि तो कापडात बसतो. ते काढायचं तर गाळण आणि पाणी मऊ करायची यंत्रणा आली, म्हणजे आणखी दोन लाख, आणि ती धुवायला पाणी जाणार ते वेगळंच. आगीतून फुफाट्यात.

"गॅरेजचं पाणी गॅरेजसारखंच असणार," आप्पा म्हणाले. "आपलं वेगळं लागेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण सुनेला ठाऊक होतं की घोडं पेंड खातंय ते दुसरीकडे.

झालं असं, की तिने मशिनांचा हिशेब केला होता. एका खेपेला किती लिटर, दिवसाला किती खेपा. बेरीज येत होती तीन हजार लिटर. बिलं सांगत होती पाच हजार. नवरा म्हणाला, गळती असेल. गळती नव्हती. लॉन्ड्रीच्या सगळ्या टाक्या मिळून मावायचं सहा हजार, आणि टँकर यायचा दहा हजारांचा, दिवसाआड. सहा हजार झाले की टँकरवाला पाइप काढायचा आणि मागच्या भिंतीवरून पाळणाघराच्या टाकीत टाकायचा. तिथे मावायचं तीन हजार. उरलेलं गटारात. ही काही चोरी नव्हती. हा आप्पांचा हुकूम होता. सहा वर्षांपूर्वी पाळणाघर सुरू झालं तेव्हा आप्पांनीच टँकरवाल्याला सांगितलं होतं, की उरेल ते पलीकडे दे, लहान मुलं आहेत.

मोठी टाकी बांधली की टँकर पुरता रिकामा होणार. पंधराऐवजी नऊ टँकर पुरणार आणि महिन्याला बारा हजार वाचणार. दीड-पावणेदोन वर्षांत टाकी फिटली. पण मग भिंतीपलीकडे थेंब जाणार नाही. आणि फुकट द्यायचंच ठरवलं, तर वाचणार महिन्याला जेमतेम तीन हजार. टाकी फिटायला सहा वर्षांच्या वर. तोवर लॉन्ड्री असली म्हणजे मिळवली. आप्पांना बोअर हवी होती ती यासाठी. बोअरला अंत नसतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. द्यायचं आणि मोजायचं नाही, एवढीच एक चैन त्या माणसाने आयुष्यात केली होती.

तसे ते कुरकुरायचे. "सहा वर्षं झाली. त्या बाईने एकदा तोंड उघडून बरं वाटलं म्हटलेलं नाही." तरीही टँकर आला की भिंतीशी जाऊन विचारायचे, "मिळालं ना पाणी?" पलीकडून तुटक "हो" यायचं. आप्पा आत येऊन म्हणायचे, "जाऊ दे, मुलांचं आहे." सुनेला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त माया यायची.

शेवटी तिने ठरवलं, आपणच पलीकडे जाऊन सांगावं. पाणी बंद होणार हे निदान आधी कळलेलं बरं. जाताना तिला इतकी शरम वाटत होती, की पाळणाघराच्या दारात चपला काढून ती उगाच त्या सरळ करत उभी राहिली.

पाळणाघरच्या ताई मुलांना झोपवून भांडी विसळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"म्हणजे मला दुसरा टँकरवाला बघायला हवा," त्या म्हणाल्या. "पण तीन हजारांसाठी कुणी येत नाही हो. हा येतो म्हणून तर सातशे देते."

"कुणाला सातशे देता?"

"टँकरवाल्याला. प्रत्येक वेळी."

ताईंनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली बिलं काढून दिली. तेच अक्षर, त्याच तारखा. लॉन्ड्रीने विकत घेतलेलं पाणी टँकरवाला भिंतीपलीकडे दुसऱ्यांदा विकत होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते ठेवणारा तरी फुकट ठेवतो.

सून खाली बसली. तिला आधी हसू आलं आणि मग एकदम रडू. टाकीचा मार्ग मोकळा झाला होता; ताईंना दानाची गरजच नव्हती. फक्त हे आप्पांना सांगावं लागणार होतं. न सांगता सही मिळणार नाही, आणि सांगितलं तर म्हाताऱ्याचं सहा वर्षांचं पुण्य एका वाक्यात पुसलं जाणार. थापच मारावी का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण थापेवर सव्वादोन लाखांची टाकी कशी बांधायची?

"मी येते बरोबर," ताई म्हणाल्या. "माझी बिलं आहेत, मीच दाखवते."

आप्पा टेबलाशी बसले होते, नवरा शेजारी. ताईंनी बिलं पुढे ठेवली आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. आप्पांनी चष्मा लावला. लॉन्ड्रीचं एक बिल आणि पाळणाघराचं एक बिल अशी तारखांची जोडी लावत गेले. चार-पाच जोड्या लावल्या आणि थांबले. नवऱ्याने टँकरवाल्याला शिव्या घातल्या, त्याच्या मालकाला फोन करतो म्हणाला आणि बाहेर गेला.

"तुम्ही भिंतीशी येऊन विचारायचात ना, पाणी मिळालं का," ताई म्हणाल्या. "मला वाटायचं, मी पैसे मोजून घेतलेल्या पाण्यावरही हा माणूस नजर ठेवतो. खरं सांगते, फार राग यायचा तुमचा."

"आणि मला वाटायचं, बाई माजोरी आहे," आप्पा म्हणाले.

ताई हसल्या. आप्पांनाही हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

मग सुनेने धीर करून नवा कागद पुढे सरकवला. एकच टाकी, दोघांत मिळून, पंधरा हजार लिटरची. बांधायचा खर्च लॉन्ड्रीचा. भिंतीतून पलीकडे एक पाइप आणि त्यावर मीटर. महिन्याला तेरा-चौदा टँकर लागतील, पण सगळं पाणी कामी येईल. ताईंना लिटरमागे टँकरचाच दर. आत्ता देतात त्यापेक्षा महिन्याला दीड हजार कमी. लॉन्ड्रीचे तिसाचे अठरा हजार होतील. गटारात काहीच जाणार नाही.

"मला चालेल," ताई म्हणाल्या. "उलट बरं होईल."

आप्पा कागदाकडे बघत राहिले. त्यांचं बोट पाळणाघराच्या आकड्यावर येऊन थांबलं. सुनेला वाटलं, झालं. आता ते म्हणणार, मुलांच्या पाण्याचे पैसे मी घेणार नाही, आजपासून खरंच फुकट. त्यांचा स्वभावच तो. दुखावलेला माणूस तर दुप्पट द्यायला निघतो. तसं झालं तर हिशेब कोसळला, टाकी गेली आणि टाकीबरोबर लॉन्ड्रीही.

"हे तुम्ही भरणार?" त्यांनी ताईंना विचारलं.

"हो. आजवर भरतच आले की, काका. तुम्हाला नाही, एवढंच."

आप्पांनी पेन मागितलं. टाकीच्या कोटेशनवर सही केली. मग मीटरच्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, जितकं पाणी तितके पैसे, आणि तो कागद सुनेकडे न देता ताईंकडे दिला.

ताई गेल्या. सून अभ्र्यांच्या घड्या घालू लागली.

"एवढ्या वर्षांत मी कुणालाच काही दिलं नाही गं," आप्पा म्हणाले.

तिला म्हणायचं होतं, दिलंत, पोचलं नाही, त्यात तुमचा काय दोष. पण ते समजूत घातल्यासारखं झालं असतं, आणि आज त्यांची समजूत घालायचा हक्क तिला नव्हता. आजचा घाव तिच्याच हिशेबाने बसला होता. तिने अर्धे अभ्रे त्यांच्यापुढे सरकवले. आप्पांनी एक उचलला, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि डोळे न पुसताच घडी घातली.