रिकाम्या टाकीत अर्धा मीटर

मामा आणि भाचा एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे दोघंही माझ्याशी बोलत होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असं म्हणतात. माझ्या वाट्याला नुसती डोकेदुखी आली. मी मोजमापाची यंत्रं तपासून देते. रंगाईच्या त्या कारखान्यात मला एका उघड्या टाकीसाठी बोलावलं होतं, पण टाकी दिसायच्या आधी घरचं रामायण ऐकावं लागलं.

कारखाना भाच्याचा. टाकीवर मामा, त्याच्या आईचे थोरले भाऊ. अलीकडे टाकी दोनदा ओसंडून वाहिली होती आणि एकदा रिकामी होऊनही पंप कोरडा फिरत राहून जळला होता. भाच्याचं म्हणणं, मामा डुलक्या काढतात. यंत्र ठीक निघालं की त्यांना कायमचं घरी बसवणार. मामांचं म्हणणं, पडदा टाकी भरल्याचं दाखवत नाही, धोक्याची घंटा वाजत नाही, मी काय करणार? मामांचं घरी कुणीच नाही, हे भाच्यानेच सांगितलं. वर म्हणाला, त्याचंच तर वाईट वाटतं. एवढं वाईट वाटत होतं, तर यंत्र आधीच तपासून घ्यायचं होतं.

टाकीच्या तळाला बसवलेलं ते यंत्र खरं तर उंची मोजतच नाही. ते वर साचलेल्या द्रवाचा दाब मोजतं, आणि तो द्रव किती जड हे आपण सांगितलेलं असतं त्यावरून उंची काढतं. टाकीकडची झडप बंद करून मी यंत्रातलं पाणी काढलं आणि ते हवेला मोकळं केलं. पडद्यावर शून्य यायला हवं होतं. अर्धा मीटर आला. हातपंपाने त्याच्या पूर्ण पल्ल्याइतका, म्हणजे चार मीटर उंचीसाठी त्यात भरलेला ४७.१ किलोपास्कल दाब दिला, तर चारऐवजी साडेचार. कोणीतरी सगळं मोजमापच अर्धा मीटर वर ढकललं होतं.

"मी केलं," पडद्यावरचा आकडा बघून मामा अभिमानाने म्हणाले. "काठी टाकली, पाणी तीन मीटर. पडदा म्हणतो अडीच. बटण दाबून अर्धा चढवला. जुळलं की नाही?"

जुळलं, पण फक्त तीन मीटरला. मी भाच्याला विचारलं, टाकीत आधी काय होतं? मिठाचं पाणी. साध्या पाण्याच्या १.२ पट जड. आता? आता साधं पाणी. हे कोणाला सांगितलं? कोणालाच नाही, पाणी ते पाणी, त्यात काय सांगायचं.

मी कपाळावर हात मारला. साधं पाणी हलकं, म्हणून तीन मीटर पाण्याचा दाब मिठाच्या पाण्याच्या अडीच मीटरइतकाच. चूक शून्यात नव्हतीच, घनतेत होती. उंची वाढेल तशी वाढणारी. आणि मामांनी शून्य सरकवलं. रोग रेड्याला, औषध पखालीला. चार मीटरची टाकी काठोकाठ भरली तरी पडद्यावर ३.८३; घंटा वाजायची ३.९ ला. टाकी साफ रिकामी असली तरी अर्धा मीटर; पंप बंद व्हायचा ०.३ ला. घंटा वाजणार कशी आणि पंप थांबणार कसा?

मी हे कागदावर मांडून दाखवताच दोघंही माझ्यावर तुटून पडले. चूक त्याचीच, चूक मामांचीच. मी दोघांनाही गप्प केलं. शून्य जागेवर आणलं आणि साध्या पाण्याचा पल्ला भरला: शून्य दाबाला शून्य, १९.६ ला दोन मीटर, ३९.२ ला चार. उद्या पुन्हा मीठ घालाल तर आधी मला फोन करा, असं भाच्याला दोनदा बजावलं.

मग टाकी भरून बघितली. मामा काठी घेऊन शिडीवर चढले, आम्ही खाली पडद्यापाशी. तीन मीटर, काठीही तीन. मामा खुशीत हसले. साडेतीन. ३.८. मग ३.९ झाले आणि घंटा अशी कडाडली की मी कानांवर हात ठेवले.

शिडीवर मामा पाण्याकडे टक लावून उभे होते. घंटा त्यांच्या डोक्याच्या हातभर वर होती.

"थांबा," ते आम्हाला हाताने खुणावत म्हणाले, "आता वाजेल बघा."

भाच्याने पाणी भरणं थांबवलं आणि घंटा बंद केली. घंटा थांबली तरी मामा वाट बघत होते. सकाळपासूनची माझी चिडचिड कुठे गेली कळलं नाही. भाच्याला मामांना घरी बसवायला कारण हवं होतं, ते आता समोर शिडीवर उभं होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "घंटेबरोबर दिवा लावता येईल का? लाल, मोठा. त्यांना दिसेल असा."

लावता येईल, मी म्हटलं. मग तो मान वर करून, खूप मोठ्याने, कितीतरी दिवसांनी मामांशी बोलला.

"वाजली, मामा. या खाली."