खपल्या वाळेपर्यंत

पुष्पाबाईंनी आयुष्यात ढीगभर अहवाल लिहिले होते. किती मुलं हजर, पोरांच्या खाऊची किती सुकडी शिजली, कुणाचं वजन वाढेना. स्वतःच्या अंगाविषयी मात्र त्यांनी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. साक्री तालुक्यातल्या त्या गावात अंगणवाडी निघाल्यापासून त्या सेविका होत्या, आणि सेविकेने आजारी पडायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यांच्याही नाही.

पण गावातल्या निम्म्या पोरांना कांजिण्या आल्या, पुष्पाबाईंनी एकेकाला मांडीवर घेऊन पाणी पाजलं, आणि पोरं बरी होऊन हुंदडायला लागली तेव्हा एका सकाळी त्यांच्या स्वतःच्या छातीवर, पाठीवर पाणीदार फोड दिसले. लहानपणी त्यांना कांजिण्या झाल्याच नव्हत्या. मोठेपणी झाल्या की अंग असं मोडून निघतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तापातच त्या मुख्यसेविका कुंदाबाईंना चिठ्ठी लिहायला बसल्या. ‘मला कांजिण्या झाल्या आहेत. अंगावरच्या सगळ्या खपल्या गळून पडेपर्यंत मी अंगणवाडीत येणार नाही. हाच नियम मी मुलांनाही लावला आहे.’ शेवटचं वाक्य त्यांनी जरा ठसक्यात लिहिलं. तापातही माणसाचा ताठा जात नाही.

मदतनीस तानुबाई दारात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पुष्पाबाईंनी खिडकीतून तिला चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. समोरच्या हापशावर पाणी भरणाऱ्या बायांनीही ती ऐकली. ऐकली म्हणजे मनाशी गाठच बांधली. तानुबाईनं चिठ्ठी साक्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि अंगणवाडी स्वतः उघडली.

मग पुष्पाबाई होत्या आणि त्यांची खोली होती. नवरा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, त्याला आता किती वर्षं झाली ते त्या मोजत नसत. मूलबाळ नव्हतं. गावात कांजिण्यांना ‘माता’ म्हणतात, आणि माता आली की त्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, फोडणी देत नाही. तानुबाई बिनफोडणीचं वरण आणि भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवी, हाक मारी आणि दोन पावलं मागं सरे. पुष्पाबाई आतून म्हणत, “ठेव गं.” दिवसभरात त्यांचं बोलणं म्हणाल तर तेवढंच.

गल्लीपलीकडून पोरांचा गलका ऐकू येई. तानुबाईला गाणी येत नसत, ती पोरांना एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावी आणि तेही चुकीच्या चालीत. पुष्पाबाई पडल्या पडल्या चाल दुरुस्त करीत. ऐकणारं कुणी नव्हतं. आपल्याला पोरांनी गजबजलेलं आयुष्य मिळालं असं त्यांना वाटे. आता कळत होतं की त्यातलं एकही पोर आपलं नव्हतं, आणि दुपारी सगळी आपापल्या आयांकडे जात होती. हे कळणं त्यांना फोडांच्या खाजेपेक्षा जास्त छळत होतं.

आणि सुनी आठवे. मोगराबाईची चार वर्षांची सुनी. कांजिण्या ओसरल्यावर ती धावत आली होती. अंगावर नुसत्या वाळक्या खपल्या. पुष्पाबाईंनी तिला दारातच अडवलं होतं. “खपल्या गळू देत, मग आत.” तरी पोरगी रोज यायची, बाहेर कडुनिंबाखाली बसायची. पुष्पाबाई सुकडीची ताटली तिच्यापासून लांब जमिनीवर ठेवायच्या आणि मागं सरायच्या. “बाई, आत येऊ?” असं ती रोज विचारायची. “उद्या बघू हं,” पुष्पाबाई रोज सांगायच्या.

कुंदाबाईंचं उत्तर त्याच एसटीनं आलं. ‘नवे फोड येणं थांबून सगळे वाळेपर्यंत घरीच राहा, गरोदर बायांना तर अजिबात भेटू नका. येण्याआधी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा दाखला घ्या, त्याशिवाय रुजू होऊ नका. तोवर तानुबाईने चालवावे.’

फोड वाळल्यावर पुष्पाबाई डोक्यावरून पदर घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या आणि रांगेपासून लांब उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पाठ पाहिली, केसांत पाहिलं, तोंड उघडायला लावलं.

“नवा फोड कधी आला होता?”

“चारपाच दिवसांत एकही नाही.”

“ताप?”

“नाही.”

“झालं मग. सगळं वाळलंय. उद्यापासून कामावर जा.” ते दाखला लिहू लागले.

“पण खपल्या अजून आहेत ना, डॉक्टर. गळायला नकोत?”

“त्या गळतील सावकाश. सगळे फोड वाळले, खपली धरली, की दुसऱ्याला लागण होत नाही. गळेपर्यंत थांबायचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

परतीच्या एसटीत दाखला पदराच्या गाठीत होता आणि डोळ्यांसमोर कडुनिंबाखाली बसलेली सुनी. आपण एका पोरीला उगाच बाहेर बसवलं, हे त्यांना टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः अंगणवाडी उघडली, सतरंजी अंथरली, सुकडी शिजवली. पोर एकही आलं नाही. त्या हापशावर गेल्या तर बाया घागरी उचलून बाजूला झाल्या.

“डॉक्टरांनी दाखला दिलाय. आता लागण होत नाही,” पुष्पाबाईंनी कागद पुढं केला.

त्यांच्यातली वच्छलाबाई म्हणाली, “डाक्टरनी चिठ्ठी आमले काय समजस? तुमीनच सांगेल शे ना बाई, खपल्या गयी पडतीन तवय.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. आपलाच नियम आपल्याच गळ्यात आला होता. “मी चुकीचं सांगितलं होतं,” असं त्या म्हणाल्या, पण तोवर बाया निघाल्या होत्या.

अंगणवाडीत येऊन त्या रिकाम्या सतरंजीकडे पाहत बसल्या. पातेल्यातली सुकडी थिजली. तानुबाईही लांब, ओट्याच्या टोकाला. इतके दिवस दार बंद होतं म्हणून कुणी येत नाही, अशी मनाची समजूत घालता येत होती. आता दार सताड उघडं होतं. पुष्पाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

दुपार कलताना मोगराबाई आली, सुनीचं बोट धरून.

“मन्ही पोरले व्हई गयं. तिले आते कसानं भेव?” ती म्हणाली. “रोज इचारस, बाई कवय येतीन.”

पुष्पाबाईंनी डोळे पुसले. “मोगराबाई, तुमच्या सुनीला मी उगाच बाहेर बसवलं. गरज नव्हती. ये गं सुने, आत ये.”

सुनी दारात आली. तिनं बाईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. गालावर, कपाळावर काळ्या खपल्या होत्या. मग तिनं हात लांब करून कडुनिंब दाखवला.

“बाई, खपल्या शेत. भाईर बसा.”

“ए पोरी!” मोगराबाई ओरडली. पण पुष्पाबाई उठल्या होत्या. त्या गेल्या आणि कडुनिंबाखाली, पोरगी बसायची तिथंच बसल्या. तिथून अंगणवाडीचं आतलं सगळं दिसत होतं, सतरंजी, फळा, पातेलं. इतकं स्वच्छ दिसत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सुनी आत गेली. तिनं ताटलीत सुकडी घेतली, सांडत सांडत बाहेर आणली, बाईंपासून लांब जमिनीवर ठेवली आणि बरोबर दोन पावलं मागं सरली.

पुष्पाबाईंनी हात लांबवून ताटली ओढली.

“सुने,” त्या म्हणाल्या, “आत येऊ?”

सुनीनं थोडा विचार केला. मग मान एका बाजूला कलती करून, थेट बाईंच्याच आवाजात म्हणाली,

“उद्या बघू हं.”