ताबिशच्या ओळीतली खूण

निजामपुऱ्यात मला अनंता पाटील म्हणून कोणी ओळखत नाही, यादीवाला म्हणून ओळखतात. व्हिसाचे कागद लावणारी ऑफिसं गल्लीत पाच होती, पण माझ्यासारखी यादी एकाकडेही नव्हती, याचा मला माज होता. एका घराला एक पान आणि अर्जदाराला एक ओळ. पुढे रकाने ठरलेल्या क्रमाने: पासपोर्ट, मूळ दाखला, झेरॉक्स, मंत्रालय, दिल्ली, वकिलात, फोटो. कागद ज्या वाटेने जातो तीच माझ्या रकान्यांची वाट. मंत्रालयाचा शिक्का नसेल तर दिल्लीचे परराष्ट्र खातेवाले कागदाला हात लावत नाहीत, आणि दिल्लीचा नसेल तर वकिलात. माझ्या पानाकडे बघून कोणीही सांगावं, कोणाचं काय कुठे अडलंय.

रुकय्याभाभी आल्या त्या फेब्रुवारीच्या बाराला, २००७ साली. नवरा यूनुस सतरा वर्षं आखातात, दम्मामला. इतकी वर्षं त्याच्या कामावर बायकापोरांचा व्हिसा मिळत नव्हता, आता सुपरवायझर झाला तेव्हा मिळणार होता. दर दोन वर्षांनी दोन महिने, एवढाच त्या घराचा संसार.

"आता एकदाचे चौघं एका ताटावर बसू भाऊ," भाभी म्हणाल्या. "ताबिशला बापाची सवयच न्हाय. बाप आला की पोरगा पाव्हन्यासारखा वागतो."

ताबिश मोठा. नऊ जूनला अठरा पूर्ण. उज्मा अकराची. मी नियम सांगितला: मुलीचं लग्न होईपर्यंत चालतं, पण मुलगा अठराच्या आत हवा, आणि पासपोर्टवर व्हिसा उमटेल त्या दिवशी आत हवा.

"चार महिने हायेत ना?"

"आरामात होईल," मी म्हणालो. मला शहाणपणा भारी.

भाभींनी निकाहनामा आणि पोरांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. मूळ कागद लोक पहिल्या दिवशी देत नाहीत, घरीच ठेवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. नियमाप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, उद्या मूळ घेऊन या, बघतो आणि परत देतो. पण बाहेर बाकड्यावर सहा माणसं बसली होती. "असल आहेत ना घरी?" एवढंच विचारलं. "हायेत तर," त्या म्हणाल्या. मी तिन्ही ओळींत मूळच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि खाली तारीख टाकली.

फोटोंवर मात्र मी जीव काढला. ताबिशचे निळ्या पडद्यासमोरचे होते, ते परत पाठवले. पांढरी पार्श्वभूमी, कान दिसायला हवेत, चष्मा नको. पोरगा दोनदा जाऊन आला. सहा प्रती पाकिटात घालून मागे नाव लिहिलं. हे असलं सगळं मला दिसतं.

दम्मामहून व्हिसाचा नंबर आला चार मेला, तोवर कागद पुढे पाठवता येत नाहीत. सातला भाभी मूळ कागद घेऊन आल्या. निकाहनामा ठीक. उज्माचा दाखला ठीक. ताबिशचा दाखला हातात घेतला आणि माझ्या बोटांना आधी कळलं. गुळगुळीत. लॅमिनेशन.

"हे कधी केलंत?"

"पुराच्या साली. पेटीत पाणी शिरलेलं. याचा एवढाच दाखला पेटीत होता, ओला झालेला. सुकवला आणि परत काही होऊ नये म्हणून प्लास्टिक चढवलं. का, काय झालं?"

शिक्का कागदाच्या पाठीवर उमटतो. प्लास्टिकवर उमटत नाही, आणि प्लास्टिक चढवलेला कागद कोणी साक्षांकित करत नाही. झेरॉक्समध्ये प्लास्टिक दिसत नाही, तो कागद इतर कागदांसारखाच दिसतो. फेब्रुवारीत एकदा हातात घेतला असता तर नवा दाखला काढायला तीन महिने होते. आता तेहतीस दिवस.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं आणि मी तोंडातून एवढंच काढलं, "भाभी, प्लास्टिक चढवायचं नसतं हो."

भाभींचा चेहरा उतरला. "मीच माती केली," त्या म्हणाल्या. मी नाही म्हणालो नाही.

भाभींनी घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. प्लास्टिकबरोबर शाई आणि अर्धा शिक्का निघून आला. मग नवा दाखला. ताबिशचा जन्म भाभींच्या माहेरचा, अंबाडीच्या पलीकडच्या गावातला. ग्रामसेवकाकडे तीन गावं, आठवड्यातून दोनदा यायचा. जुनी नोंदवही तालुक्याला जमा. ताबिश आणि मी एस.टी.ने चार खेपा केल्या. दाखला एकवीसला मिळाला, मंत्रालय चोवीसला. दिल्लीहून परत आला सात जूनला, गुरुवारी. वकिलातीत टाकला तर साक्षांकन सोमवारी मिळेल म्हणाले, व्हिसा त्याच्यापुढे. शनिवारी नऊ तारीख होती.

भाभी आणि उज्माचे पासपोर्ट शिक्के होऊन आले. ताबिशचा कोराच आला.

ताबिशला सोडून भाभी जाणार नव्हत्या. यूनुसने ऑफिसच्या फोनवर फोन केला. भाभी समोर बसलेल्या.

"अनंताभाऊ, खरं सांगा. तुम्ही असल कागदाचं पहिल्या दिवशी विचारलेलं की न्हाय हिला?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. आयुष्यात इतकी घाण वाटणारी खरी गोष्ट मी दुसरी बोललो नाही.

भाभींनी मान खाली घातली. जूनअखेर त्या उज्माला घेऊन गेल्या. ताबिश चुलत्याकडे राहिला, त्यांच्या लूमवर शिफ्ट करायला लागला.

ऑगस्टमध्ये तो आला. दाढी फुटली होती. "काका, माझे फोटो आहेत ना तुमच्याकडे? कॉलेजच्या फॉर्मला पाहिजेत."

मी फाइल काढली. पाकीट पानाला टाचलेलं होतं, सहाच्या सहा फोटो तसेच. तो पान वाचत राहिला. त्याच्या ओळीवर बोट आलं आणि थांबलं.

"मूळ दाखला, बरोबर, बारा फेब्रुवारी," तो म्हणाला. "काका, अम्मीने असल तर मे महिन्यात आणला."

मी पाणी प्यायलो.

"न बघता टिक केली?"

"हो."

मला वाटलं ओरडेल. मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने फोटोंचं पाकीट सोडवून खिशात घातलं.

"अम्मी दर जुम्याला फोन करते. मी काही बोलायच्या आत रडते. म्हणते, माझ्या हाताने मी तुला मागे ठेवला. अब्बा पण तिला तेच ऐकवतात." तो समोरच्या खुर्चीत बसला, जिथे त्याची आई बसायची. "मला तिकडे नेता येणार नाही ते माहीत आहे. पण टिक तुम्ही न बघता केली, तेवढं तिला सांगा."

"रविवारी सांगतो," मी म्हणालो.

"आज जुम्मा आहे. तिकडे सुट्टी, अब्बा पण घरीच असतील."

त्याने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि दम्मामचा नंबर एकेक आकडा करून सांगायला लागला. मी दाबत गेलो. तिसऱ्या रिंगला भाभींनी उचलला. "ताबिश?" त्या म्हणाल्या.

"नाही भाभी," मी म्हणालो. "मी अनंता. यूनुसभाईंनाही जवळ बोलवा."