नागलीला सगळ्या हिरव्या खुणा

माझ्या धाकट्या दिराला, सनीला, पापड लाटता येत नाही, तळता येत नाही, आणि खाताना तो अर्धा शर्टावर सांडतो. त्यामुळे माझे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड ऑनलाइन विकायचं ठरलं, तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचं काम साहजिकच त्याच्याकडे गेलं.

"वहिनी, नुसता फोटो टाकून कोणी घेत नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला तुलना लागते. आपला नागलीचा, शेजारी उडदाचा, त्याच्या शेजारी तांदळाचा. एका नजरेत फरक कळला पाहिजे."

बोलणं खोटं नव्हतं. मी नागली दळायला गेले आणि परत येईपर्यंत साहेबांनी तक्ता करून पानावर चढवलासुद्धा. नागलीच्या रकान्यात सगळ्या हिरव्या खुणा, उरलेल्या दोन्ही रकान्यांत लाल फुल्या. घरगुती? आपला हो, बाकीचे नाही. स्वच्छ? आपला हो, बाकीचे नाही. ग्लुटेनमुक्त? तेही फक्त आपलाच, म्हणजे उडदात आणि तांदळात लोक रात्री गुपचूप गहू कालवत असणार. वर 'इतर पापड' म्हणून जो फोटो लावला होता, तो आमच्याच मखमलाबादच्या गल्लीतला, झुंबरमावशींच्या गच्चीवरचा. पापडांखालची त्यांची मोरपंखी साडी अख्खी गल्ली ओळखते.

मावशींच्या सिन्नरच्या सुनेने तो तक्ता गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वर हात जोडल्याचं चित्र.

दुसऱ्या दिवशी माझी उकड होती. पुण्याच्या एका दुकानाची पहिली मोठी मागणी, शनिवारपर्यंत माल जायला हवा. नागलीची उकड गरम असतानाच लाटावी लागते, गार झाली की पापडाला चिरा पडतात. म्हणून आमच्याकडे जिच्या घरी पापड, तिच्या घरी सगळ्या पोळपाट घेऊन येतात. आज माझे नागलीचे, उद्या झुंबरमावशींचे उडदाचे, परवा सखुबाईंचे तांदळाचे.

त्या दिवशी कोणीच आलं नाही. सनी मोठ्या मनाने लाटायला बसला. त्याच्या पहिल्या पापडाला चार कोपरे होते, दुसरा पोळपाटावरून उठलाच नाही. उकड दगड झाली आणि गायीपुढे गेली. मला रडू आलं, आणि रडताना सनीच्या टाळक्यात लाटणं घालावंसंही वाटलं.

संध्याकाळी मी मावशींकडे गेले.

"ये गं, स्वच्छ बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात बसायला चालंल ना तुला?"

"मावशी, चुकलं. आत्ता काढून टाकते तो तक्ता."

"सविता, मागच्या महिन्यात तुझे पापड ह्याच हातांनी लाटले. तवा ते हात हिरवे व्हते का लाल?"

सखुबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काढू नको," मावशी म्हणाल्या. "नीट लिही. माझ्या पापडाची खोटी तारीफ नको मला. पन नसलेली घाण बी नको."

मग त्यांच्याच कढईत, एकाच तेलात तिन्ही पापड तळले, तिन्ही निखाऱ्यावर भाजले, आणि दिसलं तसं मी फोनवर लिहीत गेले. भाजून खायला उडदाचा सगळ्यात चांगला, नागलीचा चालतो, तांदळाचा तळूनच घ्यावा. तळल्यावर जास्त फुलतो तो तांदळाचा. फोनवरच शोधलं, तर प्रथिनं उडदात जास्त, कॅल्शियम नागलीत जास्त. ग्लुटेन तिन्हींत नाही. मोरपंखी साडीचा तो फोटो हटवला आणि तिन्ही पापड एका ताटात ठेवून नवा फोटो घेतला.

तक्ता बघून सनीचा चेहरा पडला. "वहिनी, यात तर आपण कुठे जिंकतच नाही!"

"कॅल्शियममध्ये जिंकलोय," मी म्हटलं. "गप टाक."

सकाळी पुन्हा उकड शिजवली. आठच्या सुमाराला दारात पोळपाटांचा आवाज आला. पुढे झुंबरमावशी, मागे सखुबाई. मी काही बोलायच्या आत मावशींनी पदर खोचला आणि सनीला हाक मारली.

"ए तक्तेवाल्या! अजून एक वळ टाक त्यात. 'लाटणाऱ्या कोण' म्हणून."

सनी लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात बसला. "सांगा."

"नागलीखाली लिही, सविता, झुंबरबाई, सखुबाई. उडदाखाली, झुंबरबाई, सखुबाई, सविता. तांदळाखाली, सखुबाई, सविता, झुंबरबाई."

सनीने टाइप केलं आणि डोकं खाजवलं. "मावशी, पण मग तिन्हींत फरक काय राहिला?"

मावशींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. उकडीचा वाफाळता गोळा त्यांनी माझ्या पोळपाटावर आपटला.

"लाट गं, गार होतंय."